चाळीस सेकंदांत एकच प्रश्न: डिपॉझिट परत कधी आणि किती मिळणार?

प्रश्न: वकीलमॅडम, मी जुळे सोलापुरातील एका अभ्यासिकेचे काम पाहतो. दर जून-जुलैमध्ये बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून मुले-मुली येतात, पहिल्यांदाच घर भाड्याने घेतात आणि करार न वाचता सही करून मोकळी होतात. त्यांच्यासाठी ४० सेकंदांचा एक शांत व्हिडिओ करायचा आहे. करारातील कोणती कलमे पाहायला सांगावीत आणि ती एवढ्या वेळात कशी सांगावीत?

उत्तर:

सर्वप्रथम शब्द मोजावेत. न घाईने, ऐकणाऱ्याला समजेल अशा गतीने मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे ४० सेकंदांत तुमच्याकडे फार तर ८० शब्द आहेत. नेहमीच्या भाडेकरारात १५ ते २० कलमे असतात. ती सगळी घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार शब्द येतील आणि व्हिडिओ म्हणजे कलमांची नुसती यादी होईल. म्हणून माझा आग्रह असा आहे की कलमे निवडण्याऐवजी एक प्रश्न निवडावा आणि त्या प्रश्नाचे उत्तर करारात जिथे जिथे लपलेले असते, तेवढीच ठिकाणे दाखवावीत.

पहिल्यांदा घर घेणाऱ्यासाठी तो प्रश्न डिपॉझिटचा आहे. दरमहाचे भाडे किती हे प्रत्येक मूल विचारतेच, ते विचारायला शिकवावे लागत नाही. डिपॉझिट मात्र आत जाताना दिले जाते, बाहेर पडेपर्यंत विसरले जाते, आणि बाहेर पडण्याच्या दिवशी करार पहिल्यांदा उघडला जातो. माझ्याकडे येणाऱ्या भाड्याच्या तंट्यांत विद्यार्थी असला, की बहुतेक वेळा विषय हाच असतो. त्यातही गंमत अशी नसते की घरमालक खोटे बोलतो आहे. बहुधा तो करारात लिहिलेलेच सांगत असतो आणि ते मुलाने वाचलेले नसते.

डिपॉझिट किती परत मिळणार हे करारात तीन ठिकाणी ठरते: डिपॉझिटच्या स्वतःच्या कलमात, लॉक-इन आणि नोटिशीच्या कलमात, आणि रंग-दुरुस्तीच्या कलमात. चौथी गोष्ट कलम नाही, पण या तिन्हींना बळ देणारी आहे, ती म्हणजे कराराची नोंदणी. तुमच्या व्हिडिओत एवढेच असावे. आता एकेक बाब सविस्तर सांगते, कारण ८० शब्द बोलणाऱ्याला त्यामागचे आठशे शब्द ठाऊक असावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. हे कल्पित आहे, पण यातील प्रत्येक वाक्य मी प्रत्यक्ष मसुद्यांत वाचलेल्या वाक्यांसारखेच आहे. समजा, विजापूर रोडला दोन खोल्यांचे घर आहे, भाडे दरमहा ७,००० रुपये, डिपॉझिट २१,००० रुपये, करार १ जून ते ३० एप्रिल असा ११ महिन्यांचा. डिपॉझिटच्या कलमात लिहिले आहे: ‘सदर अनामत रक्कम बिनव्याजी असून जागेचा ताबा परत दिल्यानंतर योग्य त्या कपाती करून परत करण्यात येईल.’ पुढे लॉक-इनचे कलम: ‘पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील, त्यापूर्वी जागा सोडल्यास उर्वरित कालावधीचे भाडे अनामत रकमेतून वजा करण्यात येईल.’ त्यानंतर: ‘कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ आणि अगदी शेवटी, जादा अटींमध्ये: ‘जागा सोडताना रंगकामापोटी एक महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम वजा केली जाईल.’

या घरात राहणाऱ्या मुलाला ऑगस्टमध्ये पुण्यात प्रवेश मिळाला. त्याने ३१ ऑगस्टला नोटीस दिली, सप्टेंबरचे भाडे भरले, ३० सप्टेंबरला किल्ली दिली. एक महिन्याची नोटीस दिली म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे त्याला वाटते. आता हिशेब करा. लॉक-इन नोव्हेंबरअखेर संपते, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे १४,००० रुपये गेले. रंगाचे ७,००० गेले. झाले २१,०००. वर शेवटचे वीजबिल ६४० रुपयांचे आले, ते त्यानेच द्यायचे. थोडक्यात, चार महिने भाडे वेळेवर भरणाऱ्या, भिंतीला खिळासुद्धा न ठोकणाऱ्या मुलाला डिपॉझिटमधले काहीही मिळत नाही आणि त्याच्याकडूनच ६४० रुपये येणे निघते. यात कोणीही फसवणूक केलेली नाही. चार वाक्ये एकत्र वाचली गेली नाहीत, एवढेच घडले आहे.

म्हणून पहिले कलम वाचताना मुलांनी दोन गोष्टी शोधाव्यात: दिवस आणि कारणे. ‘ताबा दिल्यानंतर’ या शब्दांना मुदत नाही. ताबा दिल्यानंतरचा दुसरा दिवसही त्यात बसतो आणि सहावा महिनाही बसतो. काही मसुद्यांत ‘नवीन भाडेकरू आल्यावर’ असे असते, ते त्याहून वाईट, कारण नवीन भाडेकरू कधी येईल यावर जुन्या भाडेकरूचे काहीच नियंत्रण नसते. आकडा लिहून घ्यावा: ‘ताबा देतेवेळी’ हे सर्वांत चांगले, नाही तर ‘ताबा दिल्यापासून ७ दिवसांत’. कारणांचेही तसेच आहे. ‘योग्य त्या कपाती’ म्हणजे कोणाला योग्य वाटणाऱ्या? त्याऐवजी ‘थकीत भाडे, थकीत वीजबिल आणि परिशिष्टात नमूद केलेल्या वस्तूंचे नुकसान एवढेच वजा करून, कपातीचा लेखी हिशेब देऊन’ असे वाक्य असावे. हा बदल सुचवल्यावर नकार देणारे घरमालक मला फारसे भेटलेले नाहीत. बहुतेकांनी तो मसुदा स्वतः लिहिलेलाच नसतो.

येथे एक चुकीची माहिती टाळा, कारण ती अनेक छोट्या व्हिडिओंत सर्रास सांगितली जाते. ‘कायद्याने घरमालकाला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ हे वाक्य केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमातून आले आहे. तो राज्यांसाठी तयार केलेला नमुना आहे. राज्याने आपला कायदा करून तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. त्यामुळे सोलापुरातल्या मुलाने घरमालकासमोर दोन महिन्यांची मर्यादा सांगितली, तर तो वादात पहिल्याच वाक्याला हरेल आणि पुढचे खरे मुद्देही कोणी ऐकणार नाही. डिपॉझिट किती असावे हे बोलून ठरवावे. ते परत कसे मिळेल हे लिहून ठरवावे.

लॉक-इनचे कलम मुलांना सर्वांत कमी समजते, त्यामुळे त्यावर थोडे जास्त थांबते. नोटिशीचे कलम आणि लॉक-इनचे कलम ही दोन वेगळी कुलुपे आहेत. नोटीस म्हणजे जाण्याआधी किती दिवस सांगायचे. लॉक-इन म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत जायचेच नाही. लॉक-इन चालू असताना एक महिन्याची नोटीस दिली तरी ते कुलूप उघडत नाही, आणि वरच्या उदाहरणातला मुलगा नेमका इथेच चुकला. म्हणून मुलांनी ‘लॉक-इन आहे का’ एवढेच विचारू नये. ‘समजा मी चौथ्या महिन्यात गेलो, तर माझ्या २१,००० मधले किती रुपये परत येतील’ असे आकड्यात विचारावे. आकड्यात विचारलेल्या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर कराराशी जुळते का हे त्याच जागी बसून पाहता येते.

लॉक-इन एकतर्फी आहे का, हेही पाहावे. काही करारांत भाडेकरू सहा महिने बांधलेला असतो आणि घरमालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीने केव्हाही घर रिकामे करून मागू शकतो. वर्षाच्या मध्यावर, परीक्षेच्या तोंडावर घर शोधण्याची वेळ आली तर होणारे नुकसान पैशांत मोजता येत नाही. लॉक-इन ठेवायचेच असेल, तर ते दोघांनाही लागू असावे, आणि विद्यार्थ्यासाठी ते तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावे, असे माझे मत आहे. ज्या मुलांचा प्रवेश फेऱ्यांत अडकलेला आहे, त्यांनी तर लॉक-इन काढूनच घ्यावे किंवा ‘अन्य शहरात प्रवेश मिळाल्याचे पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू राहणार नाही’ अशी एक ओळ घालून घ्यावी.

कायद्याची बाजू विचाराल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आधीच लिहून ठेवलेली रक्कम आपोआप पूर्ण मिळत नाही. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई ठरवते. घरमालकाला दुसऱ्याच आठवड्यात नवा भाडेकरू मिळाला असेल, तर उरलेल्या दोन महिन्यांचे पूर्ण भाडे मागणे टिकवणे अवघड जाते. परंतु हा युक्तिवाद न्यायालयात करायचा असतो, आणि पैसे आधीच घरमालकाच्या हातात असतात. पुण्याला गेलेला विद्यार्थी १४,००० रुपयांसाठी सोलापुरात दिवाणी दावा चालवत नाही. त्यामुळे कलम ७४ व्हिडिओत घालू नका. ज्याला ते उपयोगी पडेल, तो तोपर्यंत वकिलाकडे आलेला असेल.

तिसरे ठिकाण रंगाचे आणि दुरुस्तीचे. राहण्याने होणारी नेहमीची झीज आणि भाडेकरूने केलेले नुकसान यांत फरक आहे: भिंतीचा रंग थोडा फिका पडणे ही झीज, खिडकीची काच फुटणे हे नुकसान. झीज ही भाड्यातच धरलेली असते, नुकसान भाडेकरूने भरून द्यायचे असते. ‘रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे’ हे कलम हा फरकच पुसून टाकते. ते काढून घेता आले तर उत्तम. न आले तर किमान ‘११ महिने पूर्ण राहिल्यास’ किंवा ‘प्रत्यक्ष खर्चाची पावती दाखवून’ असे शब्द जोडून घ्यावेत. आपल्या शहरापुरती एक गोष्ट यात आणखी येते. नळाला रोज पाणी येत नाही, आणि उन्हाळ्यात अनेक इमारतींत टँकर मागवावा लागतो. टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे की प्रत्येक घरामागे वेगळा घेतला जाणार, हे करारात नसेल, तर मे महिन्यातले टँकरचे पैसेही शेवटी डिपॉझिटमधूनच कापले जातात. एका ओळीत ते लिहून घेता येते.

नुकसान कोणाचे, हे ठरवायला पुरावा लागतो, आणि तो आत जातानाच तयार करायचा असतो. किल्ली मिळाली की सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतींच्या ओलीचे, फुटलेल्या फरशीचे, नळांचे आणि महावितरणच्या मीटरवरील आकड्याचे फोटो काढून ते त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवावेत; सोबत ‘काका, आज घर ताब्यात घेतले, सध्याची स्थिती अशी आहे’ असा साधा निरोप लिहावा. नुसते आपल्या फोनमध्ये ठेवलेले फोटो नंतर वादाचे होतात. त्या दिवशी पाठवलेल्या फोटोंवर त्या दिवसाची तारीख असते आणि समोरच्याने ते पाहिलेले असतात. पंखे, गिझर, पलंग अशा वस्तू असतील, तर त्यांची यादी कराराच्या परिशिष्टात यावी.

आता तेच उदाहरण बदललेल्या वाक्यांनी पुन्हा मांडू. लॉक-इन तीन महिने, दोघांनाही लागू. नोटीस एक महिना. कपात फक्त थकीत भाडे, वीजबिल आणि नुकसान यांची. परतीची मुदत ७ दिवस. मुलगा त्याच तारखेला, म्हणजे ३० सप्टेंबरला बाहेर पडतो. लॉक-इन ऑगस्टअखेर संपलेले आहे, नोटीस पूर्ण आहे. वीजबिलाचे ६४० आणि, समजा एक काच फुटली असेल तर तिचे ३५० वजा जाता त्याला ७ ऑक्टोबरपर्यंत २०,०१० रुपये मिळतात. घर तेच, मुक्काम तेवढाच, घरमालकही तेच. तुमच्याकडे ९० सेकंद असते, तर मी हे दोन हिशेबच शेजारी शेजारी दाखवायला सांगितले असते. ४० सेकंदांत आकडे सांगू नका. ऐकताना आकडे निसटतात. दुसरा व्हिडिओ फक्त या हिशेबाचा करा.

नोंदणीबद्दल. मुलांना आणि अनेक घरमालकांनाही असे वाटते की करार ११ महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी लागत नाही. हा समज नोंदणी अधिनियम, १९०८ मधून आलेला आहे. त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने प्रत्येक भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार धरून, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे. मुदत ११ महिने असो की ६ महिने, नोंदणी लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरवले जाईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद भाडेकरूच्या बाजूची आहे, परंतु तिच्या भरवशावर बिननोंदणीचा करार स्वीकारू नये, कारण ती उपयोगात आणायला पुन्हा न्यायालयातच जावे लागते.

खर्चामुळे नोंदणी टाळली जाते, असेही फारसे नसते. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे ७७,००० रुपये होते. त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले ११ महिन्यांचे व्याज १,९२५ रुपये मिळवायचे आणि बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क काढायचे. ते दोनशे रुपयांच्या आसपास येते. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जो खर्च सांगितला जातो, तो बहुतांशी करार तयार करून देणाऱ्याचा मेहनताना असतो. हा खर्च अनेक ठिकाणी निम्मा-निम्मा वाटून घेतात. त्याला हरकत नाही, फक्त आधी बोललेले असावे.

करार नोंदलेला आहे हे ओळखायचे कसे, हेही मुलांना एका दृश्यात दाखवता येईल. नोटरी केलेल्या कागदावर मुद्रांक कागद, नोटरीचा शिक्का आणि नोटरीच्या नोंदवहीचा क्रमांक असतो. नोंदणीकृत करारावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक असतो, दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात आणि त्याची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणीचा थोडक्यात उतारा, निघते. आजकाल बहुतेक करार ऑनलाइन होतात. एजंट घरी येऊन आधार क्रमांकावर अंगठा घेतो आणि काम दहा मिनिटांत संपते. नेमकी या दहा मिनिटांतच चूक होते. अंगठा देण्याच्या वेळी करार वाचायला कोणीच थांबत नाही. म्हणून मसुद्याची पीडीएफ आदल्या दिवशी मागवून घ्यावी. वाचताना शेवटून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. साच्यातली कलमे बहुतेक करारांत सारखीच असतात. खरा फरक एजंटाने शेवटी टंकलेल्या जादा अटींमध्ये असतो.

आता निवेदन. मी असे लिहिले असते:

‘घर भाड्याने घेताय? अंगठा देण्याआधी एकच प्रश्न विचारा: घर सोडताना माझे डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल? करारात दिवस आणि कपातीची कारणे स्पष्ट हवीत. “योग्य कपात” एवढेच पुरेसे नाही. मग लॉक-इन पाहा. त्या मुदतीत घर सोडले तर किती रक्कम जाईल, ते आकड्यात विचारा. रंगाचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, तेही वाचा. आत जातानाच भिंतींचे फोटो काढून घरमालकांना पाठवा. करार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. मसुदा एक दिवस आधी मागा आणि शांतपणे वाचा.’

हे ८० शब्दांच्या आत बसते. घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. ४२ सेकंद लागत असतील, तर वेग वाढवू नका, एक वाक्य कमी करा. कमी करायचेच झाले, तर रंग-दुरुस्तीचे वाक्य काढा, लॉक-इनचे नको. प्रत्येक विषय बदलताना एक सेकंद नुसते थांबा. तुम्हाला जो शांतपणा हवा आहे, तो आवाज हळू करण्याने येत नाही, या थांबण्याने येतो.

दृश्य एकच पुरे: टेबलावर करार, आणि ज्या ओळीबद्दल बोलणे चालू आहे, त्या ओळीखाली फिरणारी पेन्सिल. प्रत्येक कलम निदान सहा सेकंद पडद्यावर राहू द्या, म्हणजे पाहणाऱ्याला व्हिडिओ थांबवून वाचता येईल. खरा करार मात्र कधीही वापरू नका. त्यात लोकांचे पत्ते, फोटो, अंगठ्याचे ठसे आणि ओळखपत्रांचे क्रमांक असतात, आणि नावावर बोट ठेवले तरी एखाद्या चौकटीत ते दिसतेच. वरच्या उदाहरणातली चार वाक्ये मोठ्या अक्षरांत टंकून, नावांच्या जागा रिकाम्या ठेवून नमुना करार तयार करा. अनेक जण व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून निवेदन खाली दोन ओळींत लिहिलेले असावे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतून आलेली मुलेही तुमच्याकडे असतीलच. तेच निवेदन त्या भाषांच्या जाणकाराकडून करून घेऊन वेगळी प्रत काढता आली तर जरूर काढा, परंतु एकाच पडद्यावर तीन भाषांच्या ओळी टाकू नका.

घरमालकाला खलनायक करू नका, हे मी मुद्दाम सांगते. भीतीचे संगीत, लाल अक्षरांतले ‘सावधान’, ‘घरमालक असे फसवतात’ असा मथळा, यांनी व्हिडिओ जास्त पाहिला जाईल, पण मूल तो पाहून संशय घेऊन घर बघायला जाईल. आपल्याकडे पुष्कळ घरमालक म्हणजे निवृत्तीनंतर वरचा मजला भाड्याने देणारे काका-काकू असतात. ‘काका, ही ओळ जरा स्पष्ट करून घेऊ या का’ असे विचारता आले, तर काम होते. तुमच्या व्हिडिओने त्यांना हे वाक्य द्यावे.

दोन गोष्टी व्हिडिओत बसणार नाहीत, पण त्या सोबतच्या मजकुरात लिहा, कारण डिपॉझिट अडले की मुले नेमकी याच चुका करतात. पहिली, ‘डिपॉझिट मिळाल्याशिवाय किल्ली देणार नाही’ असे म्हणत मुदत संपल्यावरही घरात राहणे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, आणि घरमालकाला ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा मार्गही आहे. आपल्या उदाहरणात अशा एका महिन्याचे १४,००० होतात. ताबा वेळेवर द्यावा, दिल्याचा निरोप आणि रिकाम्या घराचे फोटो पाठवावेत, आणि डिपॉझिटसाठी लेखी मागणी करावी. दुसरी, शेवटचे दोन-तीन महिने भाडे न भरता ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असे परस्पर ठरवणे. घरमालकाने तसे लेखी मान्य केले असेल तर ठीक. नसेल तर ती थकबाकी ठरते आणि बाकीचे सारे मुद्दे बाजूला पडतात.

लेखी मागणी करूनही पैसे आले नाहीत, तर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. काही हजारांच्या रकमेसाठी हा दुसरा मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो. मात्र तिथेही पहिला प्रश्न ‘करारात काय लिहिले आहे’ हाच असतो.

हे सारे राहण्यासाठीच्या लिव्ह अँड लायसन्स करारापुरते आहे. खाटेवर जागा देणारी वसतिगृहे बहुधा करार न करता पावती देतात. तिथे पावतीच्या मागे छापलेल्या अटी वाचायला सांगा. आणि व्हिडिओखाली तो कोणत्या महिन्यात तयार केला ते लिहून ठेवा, कारण मुद्रांक शुल्क आणि फी यांचे दर बदलतात, आणि तुमचा व्हिडिओ पुढच्या जूनमध्येही कोणीतरी कोणाला पाठवत असेल.